सरासरी 74 येते, मग फोन वॉर्निंग का देतोय? हेडफोनच्या डेसिबल नोंदी कशा वाचायच्या

प्रश्न: सर, मी लातूरला नीटची तयारी करायलोय. भावाचा जुना आयफोन आहे आणि बाजारातला साधा ब्लूटूथ नेकबँड. सोमवार ते शनिवार रोज सहा तास लेक्चर ऐकतो, Health मध्ये 71 च्या आसपास दाखवतंय. शनिवारी संध्याकाळी एसटीनं नांदेडला घरी जातो, रविवारी परत, जाताना तीन तास येताना तीन तास गाणी चालू, तिथं 89 दाखवतंय. मी तासावारी सरासरी काढली तर 74 पण येईना, तरी फोन म्हणतो आठवड्याची लिमिट संपली. मित्राचा अँड्रॉइड आहे, तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ऐकतो पण त्याला काहीच येत नाही. ॲप चुकायलंय का? लेक्चर ऐकणं कमी करू का?

उत्तर:

लेक्चर कमी करू नको, बसमधला आवाज कमी कर. ॲपनं हिशोब बरोबर केलाय, तू सरासरी काढलीस ती पद्धत डेसिबलला चालत नाही. नेकबँडमुळं आकडा थोडा इकडं तिकडं असू शकतो, तो भाग वेगळा, त्यावर खाली येतोच.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानाची तपासणी हेच रोजचं काम, आणि गेल्या काही वर्षांत पोरं फोनमधला ग्राफ दाखवतच केबिनमध्ये येतात. बहुतेक जण तुझ्यासारखीच सरासरी काढतात. म्हणून पहिल्यांदा हिशोबच नीट समजून घे, तो एकदा कळला की बाकीचं आपोआप सुटतं.

डेसिबल ही किलोमीटर किंवा रुपयासारखी सरळ मोजणी नाही. दर 3 डेसिबल वाढले की कानात जाणारी आवाजाची एनर्जी साधारण दुप्पट होते, आणि 10 वाढले की दहा पट. म्हणजे 71 आणि 89 मधला फरक "अठराच तर आहे" असं वाटतं पण अठरा म्हणजे सहा वेळा तीन, सहा वेळा दुप्पट, 2, 4, 8, 16, 32, 64. बसमध्ये तुझ्या कानात खोलीपेक्षा चौसष्ट पट एनर्जी जात होती. सोपं करून सांगायचं तर बसमधला एक मिनिट म्हणजे तुझ्या खोलीतला लेक्चरचा एक तास. हे वाक्य डोक्यात बसलं की तुझी 74 ची सरासरी का फसवी आहे ते कळतंय.

आता लिमिट कुठून आली ते. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, या दोघांनी 2018 मध्ये सुरक्षित ऐकण्याचा एक स्टँडर्ड काढला, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास एवढी मर्यादा धरली. आयफोनची वॉर्निंग याच आकड्यावर चालते. 40 तास हे फक्त 80 साठी आहेत, आवाज वाढला की तास घटतात आणि तेही त्याच तीनच्या नियमानं. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. तू आठवड्यात 89 वर किती बसलास? सहा तास. म्हणजे लेक्चरचा एक मिनिट पण धरला नाही तरी तुझी लिमिट रविवारच्या बसमध्येच ओलांडली गेली होती.

पूर्ण हिशोब करून दाखवतो, वही घे आणि तू पण कर, कारण पुढच्या आठवड्याला हे तुलाच करायचंय. सगळे तास "80 चे तास" करून घ्यायचे. 80 पेक्षा जितके तीन कमी तितक्या वेळा अर्धे करायचे, जितके तीन जास्त तितक्या वेळा दुप्पट.

लेक्चर, सहा दिवस रोज सहा तास, म्हणजे 36 तास, 71 डेसिबल. 80 पेक्षा 9 कमी, म्हणजे तीन वेळा अर्धं, आठवा हिस्सा. 36 भागिले 8, झाले साडेचार तास.

बस, 6 तास, 89 डेसिबल. 80 पेक्षा 9 जास्त, तीन वेळा दुप्पट, आठ पट. झाले 48 तास.

बेरीज साडेबावन्न, मर्यादा 40. म्हणजे साधारण 131 टक्के. आणि यातले लेक्चरचे किती? 131 पैकी जेमतेम 11. तू आख्खा आठवडा अभ्यासिकेत बसून कानावर जो भार टाकलास त्याच्या दहा पटीपेक्षा जास्त भार त्या दोन प्रवासात टाकलास. आठवडाभर भुरभुर पडली तरी नाल्याला पाणी येत नाही आणि एका रात्रीच्या ढगफुटीत शिवार वाहून जातं, तसाच हा मामला आहे, किती दिवस पडला याला फार अर्थ नाही, किती पडला ते बघायचं.

आता Health मध्ये जाऊन तुझा आठवड्याचा आकडा परत बघ. Browse मध्ये Hearing, त्यात Headphone Audio Levels, वरती W निवड. तिथं तुझी आठवड्याची पातळी 81 च्या आसपास दिसायला पाहिजे. (नवीन व्हर्जनला मेनूची जागा थोडी बदललेली असू शकते, सर्चमध्ये Headphone टाकलं तरी सापडतं.) तू काढलीस 74, ॲप दाखवणार 81, कारण ॲप एनर्जीची सरासरी काढतं आणि मग ती परत डेसिबलमध्ये मांडतं. दोन्ही आकडे एकाच माहितीवरून निघालेत पण कानासाठी खरा 81 वालाच. पडताळून बघायचं असेल तर 42 तास 81 वर, हे मर्यादेच्या साधारण तिसऱ्या हिश्शानं वर बसतं, आणि आपला वरचा हिशोब पण तेच सांगत होता.

इथं एक गोष्ट बरेच जण चुकीची वाचतात. ती सरासरी फक्त ऐकण्याच्या वेळेची असते, दिवसाच्या 24 तासांची नाही. त्यामुळं एखाद्यानं दिवसभरात दहाच मिनिटं 92 वर गाणं ऐकलं तर त्या दिवसाला 92 दिसणार आणि Loud असा शिक्का पण बसणार, पण दहा मिनिटांनी त्याची लिमिट संपत नाही, कारण 92 ला पण आठवड्याचे अडीच तास मिळतात. उलट एखादा दिवसभर 79 वर ऐकतोय, त्याला OK दिसतं आणि तो निवांत, पण रोज आठ तास सातही दिवस ऐकलं तर 79 वर सुद्धा मर्यादा ओलांडली जाते. म्हणून नुसतं OK किंवा Loud बघून ठरवू नको, डेसिबल आणि तास दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघ. एकटा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

दुसरं, ही मर्यादा मागच्या सात दिवसांची असते, सरकती. सोमवारी सकाळी मीटर शून्य होत नाही. उद्या तू नांदेडला जाशील तेव्हा मागच्या रविवारचे तीन तास अजून या सात दिवसांच्या हिशोबात असणारच, शनिवारचे तेवढे बाहेर गेलेले असतील. म्हणून कुणी म्हणालं की "आठवडा संपला, आता नवीन कोटा" तर तसं नाही.

आता तुझ्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग, नेकबँड.

फोनला कानाच्या पडद्यापाशी किती आवाज पोचला ते कळत नाही. तिथं माईक नाही. फोनकडं असतात दोनच गोष्टी, ऑडिओ फाईलमधला सिग्नल किती जोरात आहे, आणि तू व्हॉल्यूम किती ठेवलाय. यावरून डेसिबल काढायचे तर हेडफोनला अमुक सिग्नल दिला की तो किती आवाज काढतो हे माहीत लागतं. ॲपलच्या आणि बीट्सच्या स्वतःच्या हेडफोनचं ते फोनला माहीत असतं म्हणून तिथं आकडा बराच भरवशाचा. बाकी कंपन्यांच्या हेडफोनला फोन व्हॉल्यूमवरून अंदाज लावतो, हे ॲपलनं स्वतःच सांगितलेलं आहे. तुझा नेकबँड त्या अंदाजापेक्षा जोरात वाजणारा असेल तर खरे डेसिबल जास्त, मंद असेल तर कमी.

किती फरक पडू शकतो? समजा 6 डेसिबलचा. ऐकायला छोटा वाटतो पण दोन वेळा दुप्पट, म्हणजे चार पट. तुझे 131 टक्के मग खरं तर 33 पण असू शकतात किंवा 525 पण. म्हणून टक्क्याच्या आकड्यावर शपथ घेऊ नये. पण एक गोष्ट पक्की राहते. नेकबँड तोच असेल तर चूक खोलीत आणि बसमध्ये साधारण सारखीच, त्यामुळं दोघातला 18 चा फरक जागेवर राहतो. "बसमुळं घोळ होतोय" हा निष्कर्ष नेकबँड कसाही असला तरी बदलत नाही. अंदाजी नोंदीतून हेच घ्यायचं असतं, कुठला वेळ बाकीच्यांपेक्षा किती वर आहे ते.

तुझा नेकबँड कुठल्या बाजूला चुकतोय ते घरबसल्या बऱ्यापैकी कळू शकतं. कुणाकडून तरी ॲपलचे ओरिजिनल इअरफोन तासाभरासाठी माग, वायरचे असले तरी चालतील, फक्त डुप्लिकेट नकोत. Control Center मध्ये Hearing नावाचं बटन ॲड कर, कानाचं चित्र असतं. मग खोलीत पंखा बंद करून एकच लेक्चर लाव, सरांचा आवाज एकसारखा चालू आहे असा तुकडा निवड, गाणं नको, कारण वायरचा इअरफोन कानात घट्ट बसत नाही आणि बेस गळतो, मग गाण्याची तुलना फसते. ओरिजिनल घालून आरामात ऐकू येईल एवढा व्हॉल्यूम ठेव आणि कानाच्या बटनवर जे डेसिबल दिसतात ते लिहून घे. लगेच नेकबँड घालून तेवढाच मोठा वाटेपर्यंत व्हॉल्यूम लाव आणि तो आकडा लिही. तीन-चार वेळा अदलाबदल करून बघ, कान पहिल्या वेळेला फसतो. समजा ओरिजिनलला 70 दिसतंय आणि तितकाच मोठा वाटणारा नेकबँड 65 दाखवतोय, तर तुझ्या नेकबँडच्या प्रत्येक नोंदीत मनातल्या मनात 5 मिळवायचे. हे काही लॅबचं मोजमाप नाही, दोन-तीन डेसिबल इकडं तिकडं होणार, पण काहीच माहीत नसण्यापेक्षा खूप बरं.

एक उद्योग मात्र करू नको. प्ले स्टोअरवरचं साऊंड मीटर ॲप उघडून नेकबँडचं बोंड दुसऱ्या फोनच्या माईकला लावायचं, हे व्हिडिओ बघून खूप जण करतात. कानाच्या नळीत बंदिस्त हवा असते, बोंड घट्ट बसलेलं असतं, तिथं दाब वेगळा तयार होतो. उघड्यावर माईकसमोर धरलं की बराच आवाज निसटून जातो आणि आकडा हमखास कमी येतो, मग माणूस खुश होऊन व्हॉल्यूम अजून वाढवतो. आम्ही हेच मोजतो तेव्हा कानाच्या नळीएवढी पोकळी असलेला कपलर वापरतो.

नेकबँडच्या बाबतीत अजून एक बघून घे. Settings, Bluetooth, नेकबँडच्या नावापुढं गोल i, त्यात Device Type. तिथं Headphone असलं पाहिजे. मी पाहिलेल्या बऱ्याच फोनमध्ये घोळ उलटा असतो, घरातला ब्लूटूथ स्पीकर किंवा गाडीचा स्टिरिओ हेडफोन म्हणून धरला जातो आणि मग भावाच्या लग्नात स्पीकरवर वाजवलेली गाणी पण याच्या कानाच्या खात्यावर चढतात. तुझा फोन भावाचा आहे म्हणून हे खास सांगतोय, जुनी जोडलेली सगळी डिव्हाइस एकदा तपास. Headphone Audio Levels मध्ये खाली फिल्टर आहेत, तिथं हेडफोननिहाय वेगळा ग्राफ बघता येतो, म्हणजे कुठल्या डिव्हाइसनं किती भर घातली ते कळतंय. आणि Show All Data मध्ये एकेक नोंद वेळेसकट दिसते, रात्री दोन वाजताची नोंद असेल तर समज की लेक्चर चालू ठेवून झोपलास आणि नेकबँड उशाला वाजत राहिला. फोनला काय माहीत बोंड कानात आहे का उशीवर, तो दोन्ही धरतो.

व्हॉल्यूमची पट्टी आणि डेसिबल यात पण गल्लत होते. तू लेक्चरला पट्टी जवळपास पूर्ण ठेवत असशील तरी 71 दिसतंय, याचं आश्चर्य वाटू देऊ नको. बऱ्याच क्लासवाल्यांचं रेकॉर्डिंग मंद असतं, सर फळ्याकडं तोंड करून बोलतात, माईक लांब. त्याउलट सिनेमाचं गाणं शक्य तितकं जोरात मास्टर केलेलं असतं. त्याच पट्टीवर 15-20 डेसिबलचा फरक सहज पडतो. म्हणून लेक्चर संपवून पट्टी तिथंच ठेवून गाणं लावलं की एकदम धडकतं, किंवा मधेच जाहिरात आली की दचकायला होतं. Show All Data मध्ये 71, 71, 70 आणि मधेच एक 88 दिसला तर तो बहुतेक याच जागेवर असतो. सवय अशी लाव की लेक्चर थांबवलं की आधी पट्टी निम्म्यावर, मगच गाणं.

आता बस. 89 का झालं याचं कारण गाण्यात नाही, गाडीत आहे. जुन्या एसटीत पुढच्या सीटांवर इंजिनचा घुमणारा आवाज, खिडक्यांची खडखड, अहमदपूरच्या पुढं रस्ता खराब लागला की अजूनच. माणूस गाणं नेहमी आजूबाजूच्या आवाजाच्या वर ठेवतो, हे आपोआप होतं, ठरवून कुणी करत नाही. खोलीत 71 पुरत होतं कारण खोली शांत होती. म्हणून "मनावर ताबा ठेव आणि कमी आवाजात ऐक" हा सल्ला बसमध्ये टिकत नाही, गाणं ऐकूच येत नाही म्हटल्यावर हात पट्टीवर जाणारच. बाहेरचा आवाज कानात येणं कमी केलं तरच गाण्याचा आवाज कमी ठेवता येतो.

त्यासाठी पहिलं बघायचं ते नेकबँडचं रबर. डब्यात तीन साईजची रबरं येतात, बहुतेक पोरं मधली लावलेली तशीच ठेवतात. डाव्या-उजव्या कानाला वेगळी साईज लागू शकते. नीट बसलं का ते असं कळतंय: गाणं बंद ठेवून रबर घातलं की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं यायला पाहिजे आणि पंख्याचा आवाज एकदम खाली जायला पाहिजे. तसं होत नसेल तर फट राहतेय. चांगलं बसलेलं रबर बाहेरचा बराच आवाज अडवतं, पण इंजिनचा खालचा घुमणारा आवाज त्याला पूर्ण दाद देत नाही, तिथं नॉईज कॅन्सलेशनवाला हेडफोन उपयोगी पडतो कारण त्याचं काम नेमकं त्याच आवाजावर चांगलं चालतं. पैसे असतील तर पट्टीवर जास्त जोर असलेला हेडफोन घेण्यापेक्षा हा घे. नसतील तर रबर बदल, इंजिनपासून लांबची सीट धर पण मागच्या चाकाच्या बरोब्बर वर नको, आणि खिडकी बंद. मे महिन्यात खिडकी बंद करणं होत नाही हे मला माहितेय, मग त्या दिवशी तास कमी कर.

किती खाली आणायचं ते पण हिशोबानं ठरव. बसमध्ये 89 चं 83 केलंस तर 6 तासांचे 80 चे 12 तास, अधिक लेक्चरचे साडेचार, साडेसोळा, म्हणजे 41 टक्के. 80 केलंस तर साडेदहा तास, 26 टक्के. मी तुला 80 च धर म्हणेन आणि कारण नेकबँड आहे. तो 6 डेसिबलनं कमी दाखवत असेल असं वाईटात वाईट धरलं तरी 26 चे चार पट 105, म्हणजे तेव्हाही तू मर्यादेच्या आसपासच राहतोस. 83 ला थांबलास आणि नेकबँड कमी दाखवणारा निघाला तर 165 होतात. वर सांगितलेली तुलना करून नेकबँडची चूक किती ते कळलं की मग पाहिजे तर 83 ठेव.

फोनकडून करून घ्यायचं तर Settings, Sounds & Haptics, Headphone Safety. तिथं Headphone Notifications चालू आहेच, त्याच्याच बरोबर Reduce Loud Audio म्हणून आहे, ते चालू करून सरकपट्टी 80 वर आण. मग त्याच्या वर फोन जाऊ देत नाही. हे पण फोनच्या अंदाजावरच चालतं हे लक्षात ठेव, नेकबँड 5 नं कमी दाखवतोय असं कळलं असेल तर पट्टी 75 वर. शिवाय नेकबँडच्या कंपनीचं स्वतःचं ॲप असेल आणि त्यात बेस वाढवलेला असेल तर तो बदल नेकबँडच्या आत होतो, फोनला पत्ताच नसतो, नोंद आहे तशीच राहते आणि कानात जास्त जातं. तो इक्वलायझर सरळ ठेव.

मित्राचं. त्याला वॉर्निंग येत नाही म्हणून त्याचा कान सेफ आहे असं अजिबात समजू नको. जुन्या अँड्रॉइडमध्ये डोसचा, म्हणजे किती आवाज किती वेळ कानात गेला याचा, हिशोबच नव्हता, व्हॉल्यूमची पट्टी एका ठरावीक रेषेच्या वर नेली की "जास्त आवाजानं कानाला इजा होऊ शकते" अशी सूचना यायची, ओके दाबलं की गायब, आणि मग वीस तास गाणी वाजेपर्यंत परत विचारत पण नाही. पोरं ती वाचत सुद्धा नाहीत, बोट आपोआप ओकेवर जातं. सात दिवसांचा सरकता डोस मोजायची सोय अँड्रॉइड 14 पासून आली आणि ती सुद्धा फोनच्या कंपनीनं बसवली असेल तरच चालते. सॅमसंग असेल तर त्याला Digital Wellbeing मध्ये Volume monitor बघायला सांग. काहीच नसेल तर त्यानं वहीवरचा हिशोब तरी कुठून करावा, डेसिबलच नाहीत. त्याला एवढंच सांग की हेडफोन घालून हाताच्या अंतरावर उभा असलेल्या माणसाचं नेहमीचं बोलणं कळत नसेल तर आवाज जास्त आहे. नॉईज कॅन्सलेशन चालू असेल तर ही परीक्षा लागू नाही, तिथं कमी आवाजात पण बोलणं कळत नाही.

वॉर्निंग न येण्याचं अजून एक कारण, आणि हे तुला पण लागू आहे. आयफोनच्या आठवड्याच्या लिमिटमध्ये मीडियाचा आवाज धरला जातो, फोन कॉलचा नाही. घरी तासभर मोठ्यानं बोललास तर ते खात्यात नाही. बसच्या इंजिनचा आवाज, गणपतीतला डीजे, वरातीतला बँजो, हे पण Headphone Audio Levels मध्ये नाही, ते फक्त कानावर जातं, फोनच्या खात्यावर नाही. म्हणून ज्या आठवड्यात वरातीत डीजेसमोर नाचलास त्या आठवड्यात फोनचे 40 टक्के म्हणजे खरे 40 टक्के नव्हेत. डीजेसमोर 100 डेसिबल सहज असतात आणि 100 ला आठवड्याची मर्यादा वीस मिनिटं आहे.

शेवटचं, ॲप कानाची तपासणी करत नाही. ते फक्त किती आवाज गेला ते लिहितं. 131 टक्के आले म्हणजे कान गेला असं नाही, आणि 60 आले म्हणजे कान ठणठणीत असंही नाही, प्रत्येकाचा कान वेगळा सोसतो. कान काय सांगतोय ते बसमधून उतरल्यावर बघ. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर कानात शिट्टी किंवा गुंई असा आवाज येतोय का, लोकांचं बोलणं कापूस घातल्यासारखं दबकं वाटतंय का. असं होत असेल तर त्या दिवशी आकडा काहीही असो, आवाज जास्त झाला. रात्रभर झोपून सकाळी बरं वाटतं म्हणून पोरं सोडून देतात, पण ते दर आठवड्याला व्हायलंय का हे महत्त्वाचं.

होत असेल, किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशी पण राहत असेल, तर ऑडिओग्राम करून घे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात होतो, लातूरला आणि नांदेडला दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तपासणीच्या आधी एक दिवस हेडफोन, डीजे काही नको, रविवारी बसमधून उतरून सोमवारी सकाळी तपासायला येऊ नको, थकलेला कान वाईट रिपोर्ट देतो. आणि तपासताना 3000 आणि 6000 हर्ट्झ पण घ्या असं सांग. नेहमीच्या घाईत वरच्या पट्ट्यात 2000, 4000, 8000 एवढंच घेतलं जातं, पण आवाजामुळं झालेली इजा सगळ्यात आधी 3000 ते 6000 च्या पट्ट्यात खड्डा पाडते आणि 8000 ला परत वर येते. मधले दोन बिंदू सोडले तर सुरुवातीचा खड्डा हुकू शकतो. येताना तुझा महिन्याचा ग्राफ, म्हणजे M निवडून काढलेला स्क्रीनशॉट घेऊन ये, नेकबँडच्या तुलनेत किती फरक आला ते पण लिहून आण, डॉक्टरला त्याचा खरंच उपयोग होतो.

एकाच कानाचं अचानक कमी झालं, तासाभरात किंवा एका दिवसात, तर ते या सगळ्या हिशोबातलं नाही. तिथं ॲप उघडत बसू नको, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, त्याचा इलाज पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकू परत यायची शक्यता जास्त असते, आणि "मळ असेल" म्हणून तेल घालत आठवडा घालवलेले पेशंट मी खूप बघतो.